फाळक्यावरचा निरोप

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी शहरात सगळ्यात जास्त काम कुणाला होतं, तर नागप्पा पेंटरला. कलेक्टर कचेरी अजून नीट थाटली नव्हती, पण नांदेड नाक्याजवळच्या त्याच्या शेडपुढं ट्रकांची रांग लागलेली असे. जो तो मालक म्हणायचा, "नागप्पा, आधी ते उस्मानाबाद पूस." मग नागप्पा दारावरच्या पत्त्यातला शेवटचा शब्द पत्र्याच्या रंगानं झाकायचा, वाळू द्यायचा आणि वर पिवळ्या रंगात लिहायचा, 'जि. लातूर'. 'लातूर'चा दीर्घ ऊकार तो असा झोकदार काढायचा, की मालक दोन पावलं मागं सरून बघत राहायचा.

पाऊस त्या साली रुसलाच होता. विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या होत्या, गावोगाव टँकर फिरत होते. पण नागप्पाच्या शेडमध्ये हसणं-खिदळणं चालू असायचं. माणूसच तसा होता तो. चाळिशीचा, काळासावळा, गळ्यात लिंग, कानामागं ब्रश, आणि बोटांवर एकाच वेळी सात रंग. ट्रक हा त्याच्या जिवाचा विषय. रस्त्यावरून गाडी गेली की हातातलं काम थांबायचं. "बघ बघ, पंजाबी आलाय! कपाळावर तुरा बघ कसा, नवरदेव हाय नवरदेव!" टाटाची गाडी असो नाहीतर लेलँड, कारखान्यातून येतो तो बहुतेक सांगाडाच. केबिन आणि मागची बॉडी त्या त्या मुलखातला सुतार बांधतो. त्यामुळं जिथला सुतार, तिथला गाडीचा चेहरा, हे नागप्पाचं ठाम मत होतं.

त्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याची बायको दानम्मा ताडपत्र्या शिवायची. फाटलेल्या ताडपत्रीला ठिगळ लावणं, कडेच्या दोरीत कड्या बसवणं, भाराच्या मापानं नवी शिवून देणं. ती कमी बोलायची, आणि बोलायची ती बहुधा नवऱ्याचं चुकलेलं दाखवायला.

मार्च महिन्यात एका दुपारी शेडपुढं एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, कपाळावर विभूतीची आडवी बोटं, पायात धूळ. पदराच्या गाठीतून तिनं एक फोटो काढला आणि नागप्पापुढं धरला.

"आप्पा, गाडीवरलं तुमीच लिहिता न्हवं? मग या गाडीवर काय लिहिलंय ते वाचून सांगा."

तिचं नाव मल्लम्मा. जळकोटकडच्या एका खेड्यातली. फोटोत एक पंचविशीचा जवान हातात टायर उचकटायची पहार घेऊन उभा होता. मागं रस्ता, रस्त्यावर गाड्या.

"हा कोण?" नागप्पानं विचारलं.

"माझा गुरुपादप्पा. धा वर्सं झाली त्याला गेल्याला."

दानम्मानं सुई खाली ठेवली आणि म्हातारीला तांब्याभर पाणी दिलं. मल्लम्मानं पाणी पिता पिता सगळं सांगितलं. मोठ्या दुष्काळात घरातला कडबा संपला, तेव्हा बापानं पंधरा वर्षांच्या गुरुपादप्पाला बैलांची जोडी घेऊन जनावरांच्या छावणीत पाठवलं. तिथं जोडीतला एक बैल मेला. पोरानं दुसरा बैल गावच्या माणसाबरोबर घरी पाठवला आणि स्वतः तिथूनच पळाला. बापाला तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. दहा वर्षांत कागद नाही, निरोप नाही. आणि आता अचानक पाकिटातून हा फोटो. मागं शिसपेन्सिलीनं दोन शब्द: 'बरा आहे.'

"पाकिटावर सोलापूरचा शिक्का व्हता," मल्लम्मा म्हणाली. "माझा भाऊ सोलापुरात आठ दिस फिरला. सगळ्या पंक्चरवाल्यांना फोटो दावला. कुणी वळखना. मग म्या म्हनलं, गाडीवर तर कायतरी लिहिलंय. ते वाचलं तर गाव कळंल."

नागप्पानं फोटो उन्हात नेला. "रंगच न्हाईत की यात!" तो कळवळून म्हणाला. काळापांढरा फोटो म्हणजे त्याचा अर्धा जीव गेल्यासारखा. पण थोड्याच वेळात त्याचे डोळे चमकायला लागले. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

फोटोत चार गाड्या होत्या. पहिली धावती, थोडी हललेली. तिच्या केबिनवर लाकडाचा उंच तुरा, दोन्ही बाजूंनी लोंबणारे गोंडे.

"ही पंजाबची," नागप्पा म्हणाला. "कुठंबी भेटंल. हिच्यावरून एवढंच कळतंय, की रस्ता मोठा हाय."

दुसरी गाडी उभी होती, पाठमोरी. फाळक्यावर, म्हणजे मागच्या उघडबंद होणाऱ्या फळीवर, डोळे वटारलेलं राक्षसाचं तोंड आणि वर गोलगोल अक्षरांची ओळ. फोटोत ती अक्षरं मुंगीएवढी होती. शब्द लागत नव्हते, नंबर गुरुपादप्पाच्या खांद्याआड गेला होता.

"कानडी हाय का?" दानम्मानं विचारलं. ती बिदरकडची होती.

नागप्पा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पत्र्याच्या तुकड्यावर ब्रशनं दोन अक्षरं काढली. "हे बघ. कानडी अक्षराच्या डोक्यावर आडवी पट्टी असती, शेवटाला वळलेली. तेलुगूच्या डोक्यावर मास्तर बरोबरची खूण करतो ना, तशी टिकली असती. आता फोटोत बघ. टिकल्याच टिकल्या. तेलुगू!"

मल्लम्माचा चेहरा फुलला. "म्हंजे आंध्रात हाय माझं लेकरू?"

"थांबा अव्वा." नागप्पानं हात वर केला. "गाडी तेलुगू हाय. पण गाडी काय, आज हितं, उद्या तिथं. आपल्या नाक्यावर रोज चार तेलुगू गाड्या थांबतात, म्हणून लातूर काय आंध्रात गेलं का? रस्त्यावर पाव्हण्या गाड्याबी असतात आणि घरच्या गाड्याबी. पाव्हणी कोण अन् घरची कोण, ते वळखाया पायजे."

आणि तो तिसऱ्या गाडीवर वाकला. ती समोरून येत होती. केबिन कुठं संपते आणि भार कुठं सुरू होतो तेच कळत नव्हतं. गवताचा डोंगर निघाल्यासारखी. दोन्ही बाजूंनी भार हात-हातभर बाहेर आलेला, वर एक माणूस पालथा पडलेला.

"कडब्याची गाडी," नागप्पा म्हणाला. "म्हणजे आपल्याच भागात कुठंतरी. उमरग्याच्या आसपास…"

"कडबा न्हाई तो," दानम्मा मागून म्हणाली.

"का न्हाई?"

"कडब्याच्या पेंढ्या बांधतात. भरताना बुडखं बाहेर लावतात. कडंनं कशी भिताडावानी रेघ दिसती. ही रेघ कुठंय? हे सगळं मऊ, केसासारखं लोंबतंय. साळीचं काड हाय. भाताचं."

नागप्पानं फोटो नाकाला लावला. खरंच, ती रेघ नव्हती. तरी हार मानेल तो नागप्पा कसला. "असंल भाताचं. पण औंदा दुष्काळ हाय. आंध्राचं काड आपल्या छावण्यांत येऊन राहिलं की! परवाच दोन गाड्या औशाकडं गेल्या. मग ही गाडी आपल्याकडंच कशावरून न्हाई?"

दानम्मा आता जागेवरून उठली. फोटो तिनं आपल्या हातात घेतला. "परवाच्या त्या दोन गाड्यांची ताडपत्री कुणी शिवली? म्याच न्हवं? लांब जायचं काड दाबून भरतात. बॉडीच्या बाहेर फार जाऊ देत न्हाईत, न्हाईतर नाक्यानाक्याला अडवतात. वर ताडपत्री, तिच्यावर आडवे-तिडवे दोर. हितं काय हाय? ताडपत्री न्हाई. दोर एकच, तोबी ढिला. आणि वर माणूस झोपलाय. ही गाडी दोन-तीन कोसांवर जाणारी हाय. खळ्यावरून निघाली, गोठ्यापाशी थांबंल."

दोघांची डोकी फोटोवर वाकली. मग नागप्पानं मांडीवर थाप मारली. "घरची गाडी सापडली! अव्वा, जिथं भात पिकतोय, तिथं तुमचा लेक हाय. सोलापूर न्हाई, उमरगा न्हाई. आंध्रातच हाय तो!"

आता चौथी गाडी. ती बाजूच्या लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला वळत होती. लांबून बघितलं तर रिकामी वाटावी, कारण बॉडीच्या वर काहीच दिसत नव्हतं. पण नागप्पानं तिच्या चाकांवर बोट ठेवलं. मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबून सपाट झाले होते.

"रिकामी गाडी अशी बसत न्हाई," तो म्हणाला. "पोटात जड माल हाय, अन् थोडाच हाय. आणि हे बघ, फळीच्या वर जरासे काठ दिसून राहिलेत, वहीची पानं उभी ठेवावी तसे. फरशी! फरशी आडवी टाकली तर फुटती, म्हणून उभी भरतात, मधी काड घालतात. ही आंध्रातल्या तांदूरच्या खाणीतली फरशी. आणि ती हमरस्त्याला येऊन मिळती ती जहिराबादेत, न्हाईतर त्याच्या पुढं."

तेलुगू अक्षरं, भाताचं काड, तांदूरची फरशी आणि पंजाबी गाड्यांचा मोठा रस्ता. सोलापूर-हैदराबाद रस्त्याचा जहिराबाद ते संगारेड्डी एवढाच तुकडा उरला. सोलापूरच्या शिक्क्याचंही कोडं सुटलं. त्याच रस्त्यावरच्या कुण्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट दिलं असणार, आणि त्यानं ते सोलापुरात पेटीत टाकलं असणार.

मल्लम्माला यातलं सगळं समजलं असं नाही, पण तिनं दानम्माची दोन्ही हातांनी दृष्ट काढली आणि बोटं कडाकडा मोडली. नागप्पा म्हणाला, "अवं अव्वा, मीबी सांगितलं की काही!" तेव्हा तिनं त्याचीही काढली.

पण पंधरा-वीस कोसांच्या रस्त्यावर पंक्चरची दुकानं काय थोडी असतात? मल्लम्माचा भाऊ सोलापूरला जाऊन दमला होता. त्यातून तेलुगू कुणाला येत होतं? नागप्पा विचार करत बसला. तेवढ्यात बसवंतची गाडी फाळका रंगवायला आली.

बसवंत हा स्वतःची गाडी स्वतः चालवणारा, जाडजूड, मिशाळ माणूस. आठवड्यातून दोनदा लातूरची तूरडाळ हैदराबादेला न्यायचा, जहिराबादवरूनच. त्यानं सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाला, "दुकानं मी कुठं शोधत बसू? गाडी थांबवली की माल उशिरा पोचतो."

"गाडी थांबवायची गरजच न्हाई," नागप्पा म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन उभा राहिला. "पंक्चरवाला दिवसभर काय बघतो? गाड्यांचं बूड! तुझ्या फाळक्यावर मी लिहितो, ठळक, हातभर अक्षरात. त्याला मराठी वाचता येतंय, चौथी झालाय तो. सांगा अव्वा, काय लिहू?"

मल्लम्मा गांगरली. "त्याच्या बापाला इचारते," म्हणाली, आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली.

तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. शिवमूर्तीअप्पा उंच, वाळलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला म्हातारा. दहा वर्षांत त्यानं मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, असं मल्लम्मानं सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या त्यानं थेट फोटो मागितला. बराच वेळ बघितला. मग पिवळ्या रंगाच्या डब्याकडं हात करून म्हणाला, "लिव्हा."

नागप्पानं ब्रश बुडवला.

"लिव्हा: बैल म्हातारा होता."

नागप्पा थबकला. "आणि?"

"आनि काय? त्याला कळतंय."

"आप्पा, घरी ये तरी म्हणा!" दानम्मा म्हणाली.

म्हातारा घोंगड्याशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "ते बी लिव्हा. तुमच्याकडनं."

तेव्हा मल्लम्मा पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि पुन्हा हसायला लागली.

नागप्पानं बसवंतच्या फाळक्यावर काढलेली ती अक्षरं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी अक्षरं होती, असं बघणारे सांगतात. निळ्या जमिनीवर पिवळी, खाली लाल सावली. 'गुरुपादप्पा, बैल म्हातारा होता. घरी ये.' आणि एका कोपऱ्यात दोन बैलांची तोंडं. त्याच रस्त्यानं जाणाऱ्या आणखी दोन गाड्यांवरही त्यानं तेच लिहिलं.

पुढचे पंधरा दिवस त्या तिन्ही ड्रायव्हरांना जगणं मुश्कील झालं. नाक्यावरचा शिपाई विचारी, "कुठला बैल?" मागून येणारे ड्रायव्हर गाडी शेजारी आणून ओरडत, "अरे, कितने साल का था?" एका चहावाल्यानं तर बसवंतला दुखवट्याचा चहा पाजला. बसवंत प्रत्येक खेपेला येऊन नागप्पाच्या नावानं बोटं मोडायचा आणि रंगाला कुठं ओरखडा गेला असेल तर तेवढा दुरुस्तही करून घ्यायचा.

सोळाव्या दिवशी सकाळी बसवंतची गाडी शेडपुढं थांबली. त्यानं हॉर्न एवढा वाजवला, की शेजारच्या डाळमिलमधली माणसं बाहेर आली. केबिनच्या दारातून आधी बसवंत उतरला, आणि मागून एक दाढी वाढलेला जवान.

"हा घ्या तुमचा बैलवाला!" बसवंत ओरडला.

झालं होतं असं. जहिराबादच्या पुढं सदाशिवपेठ नावाचं गाव आहे, त्याच्या अलीकडं गुरुपादप्पा आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या सायकलीत हवा भरत होता. बसवंतची गाडी पुढून गेली, आणि गेल्यावर तिचा फाळका दिसला. गुरुपादप्पानं एकदा वाचलं. पुन्हा वाचेपर्यंत गाडी लांब गेली. तो उठला आणि गिऱ्हाइकाच्याच सायकलीवर बसून सुटला. मागून सायकलवाला तेलुगूत शिव्या देत, 'चोर चोर' करत पळतोय, पुढं हा मराठीत 'बैल! बैल!' म्हणून ओरडतोय. पुढच्या डिझेल पंपावर बसवंत थांबला होता, तिथं त्यानं गाठलं.

"मी म्हनलं, तूच गुरुपादप्पा कशावरून?" बसवंत सांगत होता. "तर गडी काय म्हणावा? म्हणाला, बैलाचं नाव पवळ्या व्हतं. आता मला काय माहीत पवळ्या का ढवळ्या! पण त्याचं तोंड बघितलं अन् म्हनलं, बस गाडीत."

जळकोटकडं माणूस पाठवला गेला. संध्याकाळच्या एसटीनं आई-बाप दोघं आले. शेडमध्ये दानम्मानं सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि तुरीचं वरण केलं होतं. मल्लम्मानं मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, दाढी ओढून बघितली, आणि पहिला शब्द बोलली तो, "वाळलास." गुरुपादप्पा बापाच्या पायावर डोकं ठेवून तसाच पडून राहिला. शिवमूर्तीअप्पानं त्याला दंडाला धरून उठवलं.

"सतरा वर्सांचा व्हता त्यो पवळ्या," म्हातारा म्हणाला. "घरी असता तरी गेला असता. म्याच तुला तसला बैल देऊन लावलं."

"अप्पा, मी त्याला रोज…"

"हाव, हाव. ठावं हाय. जेव आता."

जेवताना गुरुपादप्पानं आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी खाली मान घालून. त्याचं लग्न झालं होतं. सदाशिवपेठचीच मुलगी, नरसम्मा. शिवरात्रीला त्यांना मुलगी झाली, आणि फोटो पाठव म्हणून तिनंच आग्रह धरला होता. स्वतःचा पत्ता लिहायचं मात्र त्याला धाडस झालं नव्हतं. हे ऐकल्यावर मल्लम्मानं हातातला घास तसाच ठेवला. "नात झाली अन् मला आता सांगतोस?" असं म्हणून तिनं लेकाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. दहा वर्षं साठवलेला होता तो. सगळे हसले, शिवमूर्तीअप्पासुद्धा.

नागप्पाला मात्र दुसरंच काही टोचत होतं. हात धुता धुता त्यानं विचारलं, "फरशीची गाडी तांदूरचीच व्हती न्हवं?"

"तांदूरचीच. आमच्या दुकानाशेजारून विकाराबादचा रस्ता फुटतो, तिकडून येती."

"म्हंजे जहिराबादच्या फाट्यावरून न्हाई," नागप्पा खट्टू होऊन म्हणाला. "मी पयल्यांदा जहिराबाद म्हनलं व्हतं."

"न्हाईतर त्याच्या पुढं, असंबी म्हनलं व्हतं तुमी," दानम्मा म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं नवऱ्याची बाजू घेतली.

गुरुपादप्पा पंधरा दिवसांनी बायको-मुलीला घेऊन गावी आला, तेव्हा यात्रेसारखी गर्दी झाली. सासू कानडी-मराठी बोलायची, सून तेलुगू, आणि दोघी दिवसभर एकमेकींशी बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते कुणालाच कळलं नाही. दुकान मात्र त्यानं सोडलं नाही. दर सणाला यायचं, असं ठरलं, आणि तो येत राहिला.

दिवाळीनंतर गुरुपादप्पानं आग्रह करून नागप्पा आणि दानम्माला सदाशिवपेठला नेलं. बसवंतच्याच गाडीतून. दुकानापुढं पिंपळाखाली बाज टाकून दिली होती. नागप्पा सकाळी त्यावर बसला तो बसलाच. तोपर्यंत ज्या गाड्या त्यानं एकेकट्या, दमूनभागून नाक्यावर थांबलेल्या बघितल्या होत्या, त्या इथं ओळीनं धावत होत्या. मद्रासकडच्या साध्या चेहऱ्याच्या लेलँड, केरळच्या नावांच्या उंच पाट्या मिरवणाऱ्या, राजस्थानच्या नक्षीदार, आणि मधूनच काडानं फुगलेली एखादी घरची गाडी. नरसम्मानं दोनदा जेवायला बोलावलं. तो "आलो, आलो" म्हणाला आणि हलला नाही.

शेवटी दानम्माच ताट घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बाजेवर टेकली.

"ही कुठली?" तिनं विचारलं.

नागप्पानं मान लांब केली, डोळे बारीक केले आणि पहिल्यांदाच म्हणाला, "तूच सांग."

दानम्मानं गाडीकडं बघितलं. भार उंच होता, दोर आडवे-तिडवे पक्के होते, ताडपत्रीच्या कडा नीट मुडपल्या होत्या.

"कुठली ते न्हाई कळलं," ती म्हणाली, "पण जिनं ही शिवली, तिचा हात लई चांगला हाय."